तिसऱ्या ओळीतला आंबा

फळा, जूनचा पहिला आठवडा:

१. शेप्या
२. खोबऱ्या
३. रूपाली
४. डोंगरी जांभूळ

हा फळा सुनिताच्या आईस्क्रीमच्या दुकानातला. अंबाजोगाईत मेडिकल कॉलेजकडे जाणाऱ्या रस्त्याला तिचं दुकान आहे. दारातून आत शिरलं की समोरच्याच भिंतीवर शाळेत असतो तसा काळा फळा दिसतो. व्हॅनिला, बटरस्कॉच वगैरे बारमाही मंडळी फ्रीजरच्या काचेवर छापील पट्ट्यांनी चिकटवलेली. त्यांना फळ्यावर जागा नाही. फळा ऋतूचा. बाजारात फळाची डाल, म्हणजे बांबूची टोपली, उतरली की नाव चढवायचं, डाल यायची थांबली की ओल्या फडक्याने पुसायचं. आणि नाव बाजारात जे चालतं तेच लिहायचं, मनचं नाही.

यावरून तिचं आणि नवऱ्याचं, म्हणजे आदिनाथचं, दर उन्हाळ्यात एकदा तरी वाजायचंच. आदिनाथचं म्हणणं, सरळ मँगो लिही, बाहेरगावच्या पोरांना शेप्या काय डोंबल कळणार. सुनिताचं म्हणणं, न कळू दे, विचारतील. आणि खरंच विचारत. शेप्या का, तर त्या झाडाच्या आंब्याला शेपूचा वास. खोबऱ्या का, तर कच्चा खाल्ला तरी ओल्या खोबऱ्यासारखा लागतो. मग नांदेडकडचा एखादा पोरगा म्हणायचा, आमच्या आजोळी असलाच एक होता, त्याला आम्ही गोटी म्हणायचो. एवढं बोलून तो एक कप जास्त खायचा. आदिनाथ गल्ल्यावरून बघत राहायचा आणि गप्प बसायचा. तो गप्प बसला की हरला, हे सुनिताला लग्नानंतर पहिल्या वर्षातच कळलं होतं.

रायवळ आंब्याचं असं असतं. कोय रुजून आलेलं प्रत्येक झाड वेगळं, त्याची चव दुसऱ्या झाडाला नाही. म्हणून माणसांसारखं एकेका झाडाला नाव. कुणाला चवीवरून, कुणाला रंगारूपावरून, कुणाला लावणाऱ्याच्या नावावरून. झाडाचं नाव आंब्याला लागतं आणि आंब्याबरोबर ते बाजारात येऊन बसतं. सुनिताने फक्त ते बाजारातून उचलून फळ्यावर ठेवलं. एवढीच तिची हुशारी, आणि तिला तिचा थोडा गर्वही होता.

गर्व होता म्हणूनच हे घडलं, असं तिला पुढे वाटायला लागलं.

*

तिसरं नाव कसं चढलं, ते.

आठवडी बाजारात आंबेवाल्या बायकांची एक रांग बसते. रांगेच्या टोकाला त्या वर्षी एक नवी बाई आली होती. साखराबाई. डोंगराच्या अंगाला तिचं गाव. कपाळ उघडं नव्हतं, हातात हिरव्या बांगड्या होत्या, म्हणजे नवरा होता. पण बाई अशी बसलेली, की माल विकला काय आणि न विकला काय. समोर डालीत कडब्याच्या अढीतून काढलेले आंबे. लहान, लांबट, देठाशी शेंदरी. सुनिताने एक दाबून बघितला, तिथेच पिळून चाटला. रस घट्ट. धागे जवळजवळ नाहीत. गिळल्यावर जिभेच्या शेवटाला बारीक कापूर राहिला.

आईस्क्रीमवाल्याला रायवळ आंबा म्हणजे डोकेदुखी. रस पातळ, पाणी जास्त. तसाच घातला तर मशीनमधून बर्फाची कचकच निघते. म्हणून तो गाळायचा, मंद जाळावर निम्म्याला आणायचा, पूर्ण गार करायचा आणि मग गार दुधात घालायचा. गरम घातला तर आंबटपणाने दूध फाटतं. शेप्याला तिचा अर्धा दिवस जातो. हा आंबा आटवायचीही गरज नव्हती. सुनिताला तिथे उभ्या उभ्या आपला फळा दिसला.

तिने नाव विचारलं.

साखराबाई जरा वेळ आंबे पुसत बसली. शेजारची चतुराबाई, जिची जीभ अख्ख्या रांगेला ठाऊक, तीही त्या वेळी गप्प झाली. मग साखराबाई म्हणाली, "रूपाली म्हणा."

सुनिताने पुढे काही विचारलं नाही. झाडाला नाव आहे, नाव गोड आहे, आंबा त्याहून गोड आहे. तिने सगळी डाल उचलली. संध्याकाळी तिसऱ्या ओळीत खडूने नाव चढलं. तिने ते जरा वळणदार काढलं, हेही तिला पुढे आठवत राहिलं.

*

दुपारचे आवाज:

—काकू, दोन रूपाली द्या.

—कप का कोन?

—रूपाली कोनात बरी न्हाई लागत, कपातच पाहिजे.

—बे, माझी कावून खातो? आपली घे की.

—शेप्या नको, काकू. रूपाली आहे तोवर रूपालीच.

—अरे खा लवकर, वितळली बघ सगळी.

—काकू, रूपाली?

—संपली रे. उद्या या, उद्या असेल.

*

हे सगळं ऐकायला एक माणूस दुकानात रोज बसायचं, ते सुनिताच्या ध्यानात उशिरा आलं.

साखराबाई आता दर दिवसाआड थेट दुकानात माल आणून द्यायला लागली होती. सकाळी डाल उतरवायची, आणि परतीची जीप दुपारनंतर म्हणून दाराशेजारच्या बाकड्यावर पदर सावरून बसायची. मग माल नसला त्या दिवशीही यायला लागली. सुनिताला वाटलं, गारव्याला बसत असेल बिचारी. तिने एकदा कप पुढे केला. साखराबाईने दातांना हात लावून दाखवला, ठणकतात म्हणाली. पाणी तेवढं मागून प्यायची. पोरं आली की तिचा चेहरा दाराकडे वळायचा. पोरं फळ्याकडे बघायची तेव्हा तीही बघायची. वाचता येत नव्हतं. पण तिसरी ओळ कुठली ते तिने एकदा विचारून घेतलं होतं, आणि त्यानंतर तिला विचारावं लागलं नाही.

आदिनाथ हसत म्हणायचा, "आपल्याला एक राखणदार मिळाली फुकटात." साखराबाईही हसायची. हसू पुरतं फुटायच्या आधीच मिटायचं.

मग पुढच्या आठवडी बाजारात सुनिता जांभळं घ्यायला गेली. साखराबाई आलेली नव्हती. चतुराबाईने जांभळं मोजून दिली, आणि हात मागे न घेता म्हणाली, "लई चालतंय म्हणं तुमचं ते आईसक्रीम. मेलेल्या पोरीचं नाव."

सुनिताला आधी कळलंच नाही.

चतुराबाईने मग सगळं सांगितलं. तिला सांगायला मिळालं याचा आनंद होता की राग, ते तिच्या तोंडावरून कळत नव्हतं. रूपाली ही साखराबाईची लेक. लहान असताना तिनेच खाल्लेल्या आंब्याची कोय बांधाला पुरली होती, म्हणून झाड तिच्या नावाचं. एकोणिसाव्या वर्षी लग्न करून दिलं, नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेली. पहिल्याच हंगामात उसाने भरलेल्या ट्रॉलीवर मोळी चढवताना पडली. गावाकडे आणली ती झाकून आणली.

"अन् तुमच्या दुकानात पोरं म्हंतेत, वितळली, संपली," चतुराबाई म्हणाली. "माझा नातू सांगत होता, हसत हसत. आई बसलेली आसती म्हणं तिथंच. तुमाला काई वाटत न्हाई का वो?"

जांभळांची पिशवी सुनिताने घेतली की तिथेच राहिली, तेही तिला घरी गेल्यावर कळलं. राहिली होती.

*

फळा, त्याच दिवशी दुपारी:

१. शेप्या
२. खोबऱ्या
३. गोड रायवळ

तिने नाव हाताने पुसलं. फडकं शोधायलाही थांबली नाही. तळहात पांढरा झाला, तो तिने साडीला पुसला.

आदिनाथने विचारलं, काय झालं. तिने सांगितलं. आदिनाथ बराच वेळ गल्ल्यातली सुटी नाणी एका बाजूची दुसऱ्या बाजूला करत राहिला. मग म्हणाला, बरं केलंस. आणि थोड्या वेळाने, आपणच विचारायला पाहिजे होतं. 'आपणच' म्हणाला, 'तू' म्हणाला नाही. त्या एका शब्दावर सुनिताला रडू आलं.

साखराबाईच्या पाया पडायचं, असं तिने ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी साखराबाई आली, बाकड्यावर बसली. पण दुकानात गर्दी होती, आणि जे बोलायचं ते गर्दीत बोलण्यासारखं नव्हतं. सुनिता कप भरत राहिली. पोरं येत होती.

—काकू, ते तिसरं द्या. काय नाव झालं आता त्याचं?

—गोड रायवळ.

—हे काय नाव आहे? बरं, द्या दोन.

साखराबाईने फळ्याकडे बघितलं. मग दारातून आत येणाऱ्या पुढच्या पोराच्या तोंडाकडे. मग त्याच्या मागच्याच्या. असं किती वेळ बघत होती कोण जाणे. सुनिताने मान वर केली तेव्हा बाकडं रिकामं होतं. पाण्याचा पेला तसाच भरलेला होता. जीप निघायला अजून अवकाश होता.

त्यानंतर ती आली नाही. आंबेही आले नाहीत. बाजारातही रांगेच्या टोकाला जागा मोकळी.

सुनिताला वाटलं, उशिरा का होईना, बाईला अपमान कळला. आपण नाव पुसलं त्याने उलट जखमेवर बोट ठेवल्यासारखं झालं. ती दोन दिवस तसंच मनात घोळवत राहिली. तिसऱ्या दिवशी दुकान आदिनाथवर सोडून ती जीपमध्ये बसली.

*

साखराबाईच्या घरी तिची सून होती. सुनेने आवाज खाली आणून सांगितलं, आत्याबाई बांधावर आहेत.

बांधावर झाड होतं. कोवळंच, अजून हात भरून मिठी मारता येईल असं. साखराबाई त्याच्या बुंध्याला पाठ लावून बसली होती. समोर गळालेले, फुटलेले, मुंग्या लागलेले आंबे पडलेले होते. उतरवलेच नव्हते तिने.

सुनिता वाकायला गेली तशी साखराबाईने तिला दंडाला धरून शेजारी बसवलं.

"नाव कावून पुसलं?" साखराबाईने विचारलं.

सुनिताने जे मनात घोळवून आणलं होतं ते सगळं एकदम बाहेर आलं. मला ठाऊक नव्हतं, मावशी. ठाऊक असतं तर लिहिलं नसतं. पोरं काय काय बोलायची, आणि तुम्ही तिथे बसून ऐकत होता. मला ते आठवलं की अन्न गोड लागत नाही.

"ऐकायलाच येत होते मी, बाई."

मग साखराबाई बोलायला लागली. कुणाला सांगावं तसं नाही, एखादी गाठ सोडत बसावं तसं, थांबत थांबत. घरात ते नाव कुणी घेत नाही. म्हातारा ते नाव निघालं की ताटावरून उठतो. सून म्हणते, लेकरांसमोर नको, लेकरं भितात. फोटो पेटीत तळाला आहे. गावात कुणी विषय काढलाच तर 'ती वारलेली' म्हणतात, तिला नाव नाही. वर्षश्राद्धाचा एक दिवस सोडला तर वर्षभर ते नाव कुणाच्या तोंडात येत नाही. झाडाला पहिल्यांदा मोहर टिकला त्या वर्षी तिचं लग्न झालं. तिने कैऱ्या बघितल्या. पिकलेला आंबा तिने बघितला नाही.

"बाजारात तुमी नाव इचारलं. कुनीच इचारत नव्हतं मला. म्हून तोंडातून निगून गेलं." ती थांबली. "अन् मग तुमच्या दुकानात काय बगते, तर दिवसभर कुनी ना कुनी तिला हाका मारतंय. शिकलेली पोरं. हसून मारतेत. सासरी तिला कुनी हसून हाक मारली आसंल का न्हाई, मला म्हाईत न्हाई."

"पण संपली म्हणायचे, मावशी."

"म्हणायचे. अन् तुमी म्हणायच्या, उद्या या, उद्या आसंल." साखराबाईने पदराने नाक पुसलं. "तेवढं ऐकून मी जीपमधी बसायची."

*

फळा, त्या संध्याकाळपासून:

३. रूपाली

बाकीच्या ओळी होत्याच, पण त्यांचं इथे काम नाही.

झाडावर उरलेले आंबे दोघींनी मिळून उतरवले होते. डागी होते त्यांचा रस तिथेच चुलीवर एक कढ देऊन घेतला, चांगले अढीला घातले. दुकानात नाव परत चढल्यावर पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना काय माहीत. सुनिताने त्यांना काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी नाव हळू आवाजात घेतलं असतं, आणि हळू आवाज साखराबाईला घरी पुष्कळ होता.

जून सरता सरता डाल यायची थांबली. दुकानाच्या नियमाप्रमाणे त्याच दिवशी नाव पुसायला हवं होतं. डीप फ्रीजरमध्ये चपट्या डब्यांतून रस गोठवून ठेवलेला होता, तो थोडा थोडा काढत सुनिताने नाव श्रावणापर्यंत नेलं. शेवटचा डबा खरवडून झाला तेव्हा साखराबाई बाकड्यावरच होती. सुनिताने तिच्याकडे बघितलं. तिने मान डोलावली. मग सुनिताने फडकं ओलं केलं. या वेळी फडकं शोधलं.

"पुढच्या साली," सुनिता म्हणाली.

*

पण रायवळातली बरीच झाडं एक साल फळ धरतात, एक साल रिकामी राहतात. सुनिताला हे ठाऊक होतं, साखराबाईला तर होतंच. बोलताना दोघींनीही ते सोडून दिलं होतं.

पुढच्या वर्षी माघात साखराबाई बातमी घेऊन आली: झाडाला सगळी पालवीच. मोहराचा एक तुरा नाही.

मे आला, पोरं परीक्षेतून सुटून दुकानात यायला लागली. शेप्या चढला, खोबऱ्या चढला. फळ्यावर तिसरी ओळ मोकळी राहिली. आदिनाथ एका रात्रीच्या जेवणानंतर म्हणाला, लातूरच्या बाजारात शेंदरी देठाचाच एक आंबा येतो, रसही घट्ट आहे. तो घाल आणि नाव लिही. कुणाला कळणार आहे? म्हातारीला तेवढाच आधार. तो धंद्यासाठी बोलत नव्हता, हे सुनिताला दिसत होतं. म्हणूनच तिला ते पटकन उडवून लावता आलं नाही. तिने आयुष्यात पहिल्यांदा एका आंब्याला दुसऱ्याचं नाव द्यायचं मनात आणलं. लातूरहून एक पेटी मागवली. रस काढला, दूध आटवलं, मशीन फिरवली. रंग तोच आला. वासही बराचसा. शेवटाला कापूर मात्र नव्हता. मग तिने थोडं जायफळ घातलं.

नाव लिहिण्याआधी तिने साखराबाईला विचारायचं ठरवलं. एकदा पुढचं काही न विचारता लिहिलं होतं, तेवढं पुरे होतं.

साखराबाईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "द्या बरं जरा."

ठणकणाऱ्या दातांची बाई. कधी एक चमचा तोंडात घातला नव्हता. तिने चमचा ओठांत धरला, डोळे मिटले, दात चुकवत चुकवत ते वितळू दिलं. गिळलं. आणि वाट बघत राहिली. कशाची, ते सुनिताला कळलं. ती कापराची वाट बघत होती.

डोळे उघडून तिने कप बाकड्यावर ठेवला.

"चांगलं हाय," ती म्हणाली. "पन ही कोन हाय, मला म्हाईत न्हाई."

सुनिताने कप उचलला. ते सगळं आईस्क्रीम तिने 'मँगो' म्हणून छापील पट्टीच्या फ्रीजरमध्ये ठेवलं, व्हॅनिला आणि बटरस्कॉचच्या मधे. आदिनाथने ते बघितलं आणि गप्प बसला. या वेळी तो हरला म्हणून गप्प नव्हता.

*

फळा, या वर्षीचा:

१. शेप्या
२. खोबऱ्या
३.
४. डोंगरी जांभूळ

जांभळाचं नाव वर सरकवावं, असं सुनिताच्या हातून झालं नाही.

साखराबाई माल नसतानाही येते. बाजारात आणखी काही विकायला घेऊन येते, कधी शेवग्याच्या शेंगा, कधी चिंच, आणि जीपच्या वेळेपर्यंत बाकड्यावर बसते. हाक काही ऐकू येत नाही. पोरं शेप्या मागतात, जांभूळ मागतात, मँगो मागतात. पाण्याचा पेला ती अर्धा पिते, अर्धा ठेवते.

एका दुपारी एक पोरगी दारात आली. मागच्या वर्षी यायची, चष्म्याची, नेहमी एकटीच. तिने फळा वरून खाली वाचला, मोकळ्या ओळीवर थांबली.

"काकू, रूपाली नाही का?"

सुनिताच्या हातात स्कूप होता. तोंडाशी 'संपली' आलं, ते तिने गिळलं. 'उद्या या' आलं, तेही गिळलं. तिने बाकड्याकडे बघायचं टाळलं, आणि टाळताना बघितलंच.

साखराबाई उठून उभी राहिली होती. एका हाताने भिंत धरलेली. त्या पोरीकडे ती अशी बघत होती, की जणू दारात आपल्याच घरचा पत्ता विचारत कुणीतरी आलं आहे.

"औंदा न्हाई, बाई," ती म्हणाली. "औंदा रूपाली आली न्हाई."

पोरगी तिच्याकडे वळली. "मग कधी?"

साखराबाईने उत्तर द्यायला तोंड उघडलं. 'पुढच्या साली' तिच्या ओठांवर होतं, सुनिताला ते दिसलं. पण बाईने ते तिथेच धरून ठेवलं. तशीच उभी राहिली. बाहेर जीपवाल्याने हॉर्न दिला, तो दोनदा दिला. पोरगी वाट बघत होती, आणि साखराबाईला ती निघून जायला नको होती. कारण ती अजून त्या नावाबद्दलच विचारत होती.